सहा तासांचे काम, पावणेसात तासांची मेहनत

गंगापूर रोडवर संध्याकाळी चहा-कॉफीच्या कुठल्याही दुकानात जा. ट्रे घेऊन येणारा मुलगा बहुधा दुपारपर्यंत कॉलेजात बसलेला असतो. आपल्या जुन्या नाशकातली, वडाळ्याकडची बरीच मुले अशी कामे करतात आणि घरच्यांना त्यांचा आधारही होतो. मुलांनी काम करू नये असे मला वाटत नाही. पण काम धरताना ‘महिन्याला किती?’ एवढेच विचारले जाते. ‘तासाला किती पडले?’ हे कुणी विचारत नाही.

माझ्या ओळखीतल्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. संध्याकाळी चार ते दहा, महिन्याला २६ दिवस, पगार ९,००० रुपये. म्हणजे १५६ तास आणि तासाला साधारण ५८ रुपये. पण दहाला शटर अर्धे खाली येते, मग फरशी पुसणे, भांडी आवरणे, गल्ल्याचा हिशेब. सुटायला पावणेअकरा. हे धरले तर १७५ तास होतात आणि दर ५१ रुपयांवर येतो. दुचाकीचे पेट्रोल महिन्याला ९०० च्या आसपास लागते. ते वजा केल्यावर तासाला ४६ रुपये उरले. मुलगा गप्प झाला. त्याने आधी कधी भागाकारच केला नव्हता.

आता कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर उद्योगवार ठरतात आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. या अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामगारांसाठी एक ओळ असते, ती फारशी कुणी वाचत नाही. महिन्याच्या दराला २६ ने भागायचे, आलेल्या रोजाला ८ ने भागायचे आणि त्यावर १५ टक्के वाढवायचे. अर्धवेळ माणसाचा तासाचा दर पूर्णवेळपेक्षा जास्त, कमी नव्हे! समजा किमान दर १३,००० आहे. रोज ५००, तास साडेबासष्ट, १५ टक्के धरून जवळपास ७२ रुपये. त्या मुलाचे १७५ तास या दराने १२,५०० च्या वर जातात. हातात पडतात ९,०००. ‘विद्यार्थी आहेस, शिकतोयस, म्हणून कमी’ या बोलण्याला कायद्यात जागा नाही.

मालकाशी भांडण करायला मी सांगत नाही. रोज आल्याची आणि सुटल्याची वेळ वहीत लिहावी आणि आठवड्याला तीच व्हॉट्सअॅपवर व्यवस्थापकाला पाठवावी. पगार रोख न घेता खात्यात मागावा. काम सोडताना तर हे फार उपयोगी पडते, कारण ‘पुढच्या महिन्यात ये’ हे ठरलेले उत्तर असते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण हिशेब मिळायला हवा. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी हे आपल्याकडे लहान पोरालाही पाठ असते; दुकान चालवणाऱ्या आपल्यातल्या काहींना पगाराच्या तारखेला ते आठवत नाही, हेही सांगायला हवे.

पुढच्या नोकरीला याचा उपयोग होतो का? माझे मत असे की पहिल्या महिन्यानंतर नवे काही शिकायला मिळत नसेल, तर ते काम फक्त पैशासाठी आहे असे समजावे आणि त्याचे पैसे पूर्ण घ्यावेत. घरपोच डिलिव्हरी याच प्रकारात येते. तिथे गाडीची झीजही आपलीच, शिवाय खासगी वापराचा विमा काढलेल्या गाडीवर धंदा करताना अपघात झाला तर भरपाई अडू शकते.

याउलट बी.कॉम.च्या मुलाने उन्हाळी सुट्टीचे दोन महिने एखाद्या कर सल्लागाराकडे काढले, तर जीएसटीची ११ आणि २० तारखेची फेरी तो दोनदा पाहतो. बिले लावणे, खरेदीचा मेळ घालणे, चूक कुठे होते हे त्याला कळते. पैसे कॅफेपेक्षा कमी मिळतील. तरी मी हेच काम निवडायला सांगेन, पण सुट्टीत. सत्र चालू असताना रात्री पावणेअकराला सुटणारा मुलगा सकाळच्या पहिल्या तासाला उठत नाही आणि ७५ टक्के हजेरीचा प्रश्न परीक्षेच्या तोंडावर उभा राहतो. सत्रात पैशाची गरज असलेल्यांनी आधी कॉलेजात ‘कमवा व शिका’ची चौकशी करावी. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने पुणे विद्यापीठ ही योजना चालवते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशी कामे असतात. पैसे थोडेच, पण वेळ तासिकांना धरून ठरते.

सुट्टीतले काम सोडताना कामाचे स्वरूप आणि तारखा लिहिलेले पत्र लेटरहेडवर मागून घ्यावे. आणि अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग असेल, तर हे काम त्यात धरले जाईल का हे विभागप्रमुखांना काम सुरू करण्याआधी विचारावे. नंतर विचारले तर बहुधा नाहीच म्हणतात.