जखम घोट्यावर, दुखणं शिरेत

गेल्या बकरी ईदला गावी, तानसाला गेलो होतो. चाचांनी गळाभेट घेतली आणि लगेच खाटेवर बसून पाय वर घेतला. डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला पट्टी होती. पट्टीतून पाणी झिरपून पायजम्याची कड ओली झाली होती. जखम चौदा महिन्यांची होती. ‘डास चावला, खाजवलं, तेव्हापासून भरतच नाही,’ चाची म्हणाल्या.

चाचा नाशिक हायवेवरच्या एका हॉटेलात भटारी आहेत. सव्वीस वर्षं रोज बारा-बारा तास भट्टीसमोर उभे. सगळ्यांनी आधी शुगरवर संशय घेतला, पण तीन वेळा तपासली तरी शुगर नॉर्मल आली. मग सुरू झाला तो सिलसिला: रोज ड्रेसिंग, दर महिन्याला नवं मलम, अँटिबायोटिकचे चार-पाच कोर्स, मध्येच हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस. कुणीतरी सुचवलं म्हणून ते अकलोलीच्या गरम कुंडातही पाय बुडवून आले. त्या रात्री पाय दुप्पट सुजला.

या चौदा महिन्यांत ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांनी फक्त जखम पाहिली. त्याच पायाच्या पोटरीवर दोरखंडासारख्या फुगलेल्या, वळणं घेतलेल्या शिरा होत्या. घोट्याभोवतीची कातडी काळपट-तपकिरी, चामड्यासारखी कडक झाली होती. संध्याकाळी पाय जड व्हायचा, सकाळी हलका. हे सगळं घरात दहा वर्षांपासून दिसत होतं. ‘उभ्याचं काम आहे, शिरा फुगणारच,’ म्हणून सोडून दिलेलं. त्या शिरा आणि ही जखम हा एकच आजार आहे, हे आम्हाला ठाण्यातल्या एका व्हॅस्क्युलर सर्जनने सांगितलं.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण इंजिनिअरिंग शिकल्यामुळे त्यांचं म्हणणं लगेच पटलं. तानसाची माणसं लहानपणापासून भिंतीआडचं पाणी बघतात. १८९२ साली हे धरण पूर्ण झालं, आणि पाण्याची उंची जितकी जास्त तितका तळाशी दाब जास्त, हे कुणाला सांगावं लागत नाही. माणूस स्थिर उभा राहिला की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा स्तंभ घोट्याच्या शिरेवर उभा असतो. बीपी ज्या एककात मोजतात त्यात हा दाब सुमारे ९० भरतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू पंपासारखा आवळतो आणि रक्त वर ढकलतो. शिरेतल्या एकमार्गी झडपा ते खाली परतू देत नाहीत, म्हणून चालताना हा दाब साधारण ३०च्या आत येतो.

झडपा निकामी झाल्या की पंपाने वर ढकललेलं रक्त पुन्हा खाली कोसळतं. मग चालतानाही दाब उतरत नाही. आणि जो माणूस चालतच नाही, एका जागी उभा असतो, त्याचा तर पंपच बंद. वर्षानुवर्षं हा दाब सोसून शिरेतलं पाणी आणि रक्तपेशी आजूबाजूच्या मांसात झिरपतात. त्या पेशींतलं लोह कातडीत साठतं, तोच काळपट डाग. अशा कातडीला एक ओरखडा पुरतो. वरून कितीही मलम लावा, खालून गळती चालूच असते. गरम कुंडाने नुकसान का झालं तेही आता कळतं: उष्णतेने शिरा आणखी सैल होतात. भट्टीचंही तसंच.

तेव्हा माझं म्हणणं एकच आहे. अशा जखमेवर उपचार म्हणजे दाबावर उपचार. मलम ही दुय्यम गोष्ट आहे, आणि आपल्या भागात वर्षानुवर्षं फक्त तेच दिलं जातं.

दाबावरचा पहिला इलाज म्हणजे प्रेशर बँडेज. पण त्याआधी एक तपासणी टाळता येत नाही. पायाकडे शुद्ध रक्त नेणारी धमनीच अरुंद असेल, तर घट्ट पट्टी पाय गमावण्याची वेळ आणू शकते. म्हणून दंडाचं आणि घोट्याचं बीपी मोजून भागाकार करतात. चाचांचं दंडाचं १३०, घोट्याचं १२४, म्हणजे ०.९५. आकडा ०.८ ते १.३ असेल तर पूर्ण दाबाची पट्टी चालते. त्याहून कमी असेल तर निर्णय तज्ज्ञाचा, आणि ०.५च्या खाली तर तातडीने त्याच्याकडे जायचं. मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे आकडा खोटा वाढून येतो, तिथे जास्त सावध राहावं लागतं. घरी ओळखायची एक खूण आहे: शिरेचं दुखणं पाय वर घेतला की कमी होतं, धमनीचं दुखणं पाय वर घेतला की वाढतं आणि रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवावासा वाटतो.

पट्टी बांधणं दिसायला सोपं, पण चुकतं तिथेच. चाचांना आधी फक्त जखमेभोवती पट्टी बांधत. त्यामुळे पाऊल खाली सुजायचं. योग्य पद्धतीत पाऊल काटकोनात धरून, बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल असा गुंडाळतात. आत कापसाचा थर असतो, म्हणजे नडगीचं हाड कापलं जात नाही. घोट्यापाशी दाब सुमारे ४० असावा लागतो. ताण सगळीकडे सारखा ठेवला तरी बारीक घोट्यावर दाब जास्त आणि जाड पोटरीवर कमी पडतो. रक्त वर चढायला हेच हवं असतं. साधं क्रेप बँडेज काही तासांत सैल पडतं, म्हणून जाड थराचं किंवा कमी ताणलं जाणारं बँडेज लागतं. ते आठवड्यातून एकदा-दोनदाच बदलतात. रोज सोडायचं नसतं. बोटं निळी किंवा थंड पडली, मुंग्या आल्या, कळा वाढल्या तर मात्र लगेच सोडायचं.

इथे आमच्या घरात वेगळीच अडचण आली. चाचा पाच वेळा वजूसाठी पट्टी सोडायचे आणि पाय धुऊन स्वतःच पुन्हा बांधायचे. दिवसातून पाच वेळा दाब शून्य. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नाही आणि चाचांनी सांगितलं नाही. मी मशिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, की सोडल्याने इजा होत असेल तर पट्टीवर ओला हात फिरवणं, म्हणजे मसह, जायज आहे. हनफी मसलकात तेवढं पुरतं. कोकणातले आपले शाफई लोक त्यासोबत तयम्मुमही करतात. बारकावे ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारावेत. पण हा मसला चौदाशे वर्षं किताबांत असून एका भटाऱ्याची पट्टी दिवसात पाच वेळा सुटत होती, याची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे. ओला हात म्हणजे हलका हात, पट्टी भिजवायची नाही, हेही सांगावं लागलं.

दुसरा इलाज शिरेवर. कलर डॉपलर सोनोग्राफीत मांडीपासून घोट्यापर्यंतची मोठी वरवरची शीर गळकी निघाली. खोलवरच्या शिरा चांगल्या होत्या. जांघेत भूल देणारी सुई, मग लेझरने ती शीर आतून बंद, त्याच दिवशी चालत घरी. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हा चाचांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की ती शीर रक्त वर नेतच नव्हती, खाली सांडत होती. वर नेणाऱ्या खोलवरच्या शिरा शाबूत आहेत. पूर्वी ‘आधी जखम भरू द्या, मग शीर बघू’ अशी पद्धत होती. २०१८ साली ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टीसोबत दोन आठवड्यांच्या आत शिरेवर उपचार झालेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. थांबलेल्यांना तेवढ्यासाठी ८२ दिवस लागले. थांबण्यात शहाणपण नव्हतं.

जखम भरतेय की नाही हे आम्ही अंदाजावर सोडलं नाही. दर आठवड्याला शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचो. सुरुवातीला लांबी ५ सेंटिमीटर, रुंदी ४, म्हणजे गुणाकार २०. चार आठवड्यांनी ४ गुणिले ३, म्हणजे १२. चार आठवड्यांत ४० टक्के घट हे चांगलं लक्षण मानतात. घट नसेल तर मलम बदलू नका, निदान पुन्हा तपासा: दाब पुरतो का, धमनी ठीक आहे का. आणि तीन महिने योग्य उपचार करूनही जखम हटत नसेल किंवा कडा उंच होत असतील, तर तुकडा तपासायला द्यावा लागतो. जुन्या जखमेत क्वचित कॅन्सरही होतो. अँटिबायोटिक फक्त लाली पसरत असेल, ताप असेल, कळा वाढत असतील तरच. नुसता पिवळा थर किंवा वास म्हणजे तशी लागण नव्हे.

चाचांची जखम अठराव्या आठवड्यात भरली. पण एवढ्यावर विषय संपत नाही. आजार परतू शकतो, म्हणून सकाळी खाटेवरून उतरण्याआधी प्रेशरचा मोजा चढवायचा, रात्री काढायचा, सहा महिन्यांनी नवा घ्यायचा. आणि काम तेच, भट्टी तीच.

म्हणून शेवटचा मुद्दा स्टुलाचा. १९४८च्या कारखाने कायद्यात कलम ४४ होतं: उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता येईल अशी सोय हवी. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतल्या कामगारांनाही हा बसण्याचा हक्क दिला. शहापूर-भिवंडीच्या गोदामांत, हॉटेलांत, कपड्यांच्या नि चिकनच्या दुकानांत आपलीच मुलं उभी आहेत, आणि त्यांतल्या कित्येक दुकानांचे मालकही आपलेच आहेत. महाराष्ट्राने कायदा करावा, ही मागणी आपण करूच. पण गल्ल्यामागे एक स्टूल ठेवायला विधानसभेची गरज नाही.

आपल्या जमाती आणि तरुण मंडळं शुगर-बीपीची शिबिरं घेतात. पुढच्या शिबिरात एक गोष्ट वाढवा: चाळिशीपुढच्या प्रत्येकाला मोजे काढून, पायजमा वर करून उभं राहायला सांगा. घोट्यावर काळा डाग आणि पोटरीवर फुगलेल्या शिरा दिसल्या, तर त्याला जखम होण्याआधीच डॉपलरला पाठवा. चाचांच्या पायावर तो डाग दहा वर्षं होता.