कुलूप वाटेला आहे, घराला नाही

व्हॉट्सॲपवर चॅटच्या वरती ओळ येते, मेसेज 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड' आहेत. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत राबणारी आपली पोरं ती वाचून निर्धास्त होतात. वनहक्क दाव्याचे कागद, बैठकीची जागा, सगळं ग्रुपवर टाकतात. आम्ही विचारतो, ही हमी नेमकी कशाची?

एंड म्हणजे टोक. हमी दोन टोकांमधल्या वाटेची. मेसेज एका फोनातून दुसऱ्यात जाईपर्यंत मधे कुणालाच, कंपनीलासुद्धा, वाचता येत नाही. एवढं खरं. पण पोचला की तो उघडतोच, नाहीतर आपण वाचणार कसा?

२०१९ साली इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस व्हॉट्सॲप कॉलमधून फोनात घुसलं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. जगभरात सुमारे १४०० जणांवर हा डाव टाकला. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड आणि आनंद तेलतुंबडे यांनाही तसा इशारा मिळाला. वाटेवरचं कुलूप कुणी तोडलंच नव्हतं. चोर घरात बसून वाचणारा होता. एनएसओ म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. मग इथल्या माणसांवर ते कुणी सोडलं?

आपल्याला तर एवढा महागडा चोरही लागत नाही. ग्रुपात दोनशे जण म्हणजे दोनशे टोकं. एकाने स्क्रीनशॉट पुढे दिला, एकाचा फोन चौकीत उघडला, की संपलं. गुगलवरच्या बॅकअपलाही कुलूप हवं तर सेटिंगमध्ये End-to-end encrypted backup आपणच चालू करावं लागतं, आणि ते प्रत्येकाने.

म्हणून बैठकीची जागा तोंडी सांगा. ग्रुपवर तेच टाका, जे चावडीवर मोठ्याने वाचलं तरी चालेल.