शब्द अण्णांचा चुकला, पण हिशोब आपण चुकवत होतो



आज फवारणीचं नाही, खताच्या हिशोबाचं लिहितोय. थोडं चिडूनच लिहितोय, समजून घ्या.

गेल्या आठवड्यात आमच्या गटाची बैठक होती. गटातल्या अण्णांचे ढोबळी मिरचीचे दोन प्लॉट आहेत, विहिरीजवळचा ३० गुंठे आणि माळावरचा ५० गुंठे. ठिबकमधून सोडलेल्या खताची नोंद ते मोबाइलवर एक्सेलमध्ये ठेवतात. शीट भाच्यानं बनवून दिलंय. अण्णांनी मोबाइल पुढं केला आणि म्हणाले, "माझा मॅक्रो बिघडलाय. युरियाला बरोबर चालतो, ट्रिपल एकोणीसला चालत नाही. तेरा-शून्य-पंचेचाळीसलाही नाही. काय करू?"

झालं. पुढची वीस मिनिटं नुसता शब्दाचा कुटाणा. आमचे एक कृषी पदवीधर मित्र म्हणाले, "मॅक्रो म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. ते बिघडत नसतात, कमी पडतात." सगळे हसले. एका पोराला कॉम्प्युटरचं कळतं, तो म्हणाला, "मोबाइलच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाही, लॅपटॉप घ्या." तिसरा म्हणाला, "याला मॅक्रो नाही, फॉर्म्युला म्हणतात, अण्णा." अण्णांनी मोबाइल खिशात घातला.

आता तिघांचं तपासा. तिघंही खरं बोलले. मॅक्रो म्हणजे मुख्य अन्नद्रव्यं, हे खरं. मोबाइलच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही, हेही खरं. अण्णांच्या शीटमध्ये आहे तो फॉर्म्युला, हेही खरं. आणि तिघांपैकी एकाच्याही उत्तरानं अण्णांचं नत्र मोजलं गेलं नाही. दुसऱ्याचं ऐकून अण्णा लॅपटॉप घेऊन आले असते, तरी शीट तसंच बंद राहिलं असतं.

माझं म्हणणं एवढंच. माणूस सांगतो त्यात नाव चुकीचं असू शकतं, पण लक्षण सहसा बरोबर असतं. अण्णांच्या वाक्यातला "मॅक्रो" उचलून बाजूला ठेवा. काय उरतं? "युरियाला चालतो, ट्रिपल एकोणीसला चालत नाही." अहो, यातच अर्धं निदान आहे! एकाला चालतं म्हणजे गणित ठीक आहे. मग युरिया आणि ट्रिपल एकोणीस या दोन नोंदींत फरक काय, एवढंच शोधायचं राहिलं.

आपण शेतात हेच करतो की नाही? मिरचीची पानं वळली की शेतकरी म्हणतो "व्हायरस आलाय". जाणता माणूस त्या शब्दावर वाद घालत नाही. तो विचारतो, पानं वर वळलीत का खाली? वर वळली असतील तर आधी फुलकिडे बघतो, खाली वळली असतील तर कोळी बघतो. मग शीटच्या बाबतीतच आपल्याला शब्दाची एवढी नड का?

बैठक उठल्यावर मी अण्णांजवळ बसलो आणि दोनच गोष्टी विचारल्या. तुम्ही यात भरता काय, आणि यातून काढायचं काय? अण्णा म्हणाले, "तारीख, प्लॉट, खत आणि किलो भरतो. दोन्ही प्लॉटला एकरी सारखं नत्र द्यायचं ठरवलंय. ते जातंय का नाही, एवढं कळलं पाहिजे." बघा, मागणी किती स्वच्छ आहे.

मग बिघडलेल्या घरावर बोट ठेवलं. घरात `#N/A` होतं आणि वरच्या पट्टीत हे:

```
=D2*VLOOKUP(C2,$H$2:$I$6,2,FALSE)/100
```

सुरुवातीला `=` आहे, म्हणजे हा फॉर्म्युला. ओळखायची खूण एवढीच. फॉर्म्युला घरात बसलेला असतो आणि आकडे बदलले की उत्तर आपोआप बदलतो. मॅक्रो म्हणजे कामांची साखळी साठवलेला छोटा प्रोग्राम, तो चालवावा लागतो. याचा अर्थ साधा आहे: C मधलं खताचं नाव H च्या यादीत शोध, त्याच्या शेजारचं नत्राचं टक्केवारीचं गणित घे आणि D मधल्या किलोंना लाव. `#N/A` म्हणजे "हे नाव मला यादीत सापडलं नाही".

पण यादीत तर `19:19:19` डोळ्यांना दिसत होतं! मग का सापडत नाही?

कारण एक्सेलला ते खत वाटतच नाही, घड्याळ वाटतं. `19:19:19` म्हणजे संध्याकाळचे सात वाजून १९ मिनिटं १९ सेकंद. `13:00:45` म्हणजे दुपारचा एक वाजून ४५ सेकंद. भाच्यानं यादीचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवला होता, म्हणून तिथं खताचं नाव हे नावच राहिलं. अण्णा मोबाइलवर C मध्ये टाइप करतात, तिथं त्याची वेळ झाली. दिसायला दोन्ही सारखं, आत एक नाव आणि एक वेळ. जुळणार कसं? युरियात कोलन नाही, म्हणून युरिया चालला. भाच्यानं तपासताना यादीतलंच नाव उचलून चिकटवलं होतं, म्हणून त्यालाही चाललं.

हे डोळ्यांनी ओळखता येतं. घरातली जागा आपण मुद्दाम बदलली नसेल तर मजकूर डावीकडे चिकटतो, आकडा आणि वेळ उजवीकडे. अण्णांच्या C रकान्यात युरिया डावीकडे होता आणि ट्रिपल एकोणीस उजवीकडे. इलाज असा की खताच्या आधी एक अवतरणचिन्ह टाकायचं:

```
'19:19:19
```

ते चिन्ह घरात दिसत नाही, पण नाव नावच राहतं. किंवा C चा पूर्ण रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवायचा. मात्र जुन्या नोंदी परत टाइप कराव्या लागतात. नुसता रकान्याचा प्रकार बदलला तर एक्सेलमध्ये तिथं 0.805 असा दशांश दिसायला लागतो, कारण वेळ आत तशीच साठवलेली असते. हे करूनही एखादं घर अडलं तर नावाच्या शेवटी मोकळी जागा पडलीय का बघा. तीही चालत नाही.

नोंदी दुरुस्त केल्या आणि प्लॉटची बेरीज लावली:

```
=SUMIFS(E:E,B:B,"विहीर")*40/30
```

एकर ४० गुंठ्यांचा, प्लॉट ३० गुंठ्यांचा, म्हणून ४० नं गुणून ३० नं भागायचं. माळासाठी प्लॉटचं नाव बदलायचं आणि शेवटी 50.

आता आकडे बघा. विहिरीच्या प्लॉटला ट्रिपल एकोणीस ६ किलो, तेरा-शून्य-पंचेचाळीस ४ किलो आणि युरिया ५ किलो गेला होता. नत्र १.१४, ०.५२ आणि २.३०, मिळून ३.९६ किलो. एकरी ५.२८. माळाला तीच खतं १०, ४ आणि ३ किलो. नत्र १.९०, ०.५२ आणि १.३८, मिळून ३.८० किलो. एकरी फक्त ३.०४.

अण्णा गप्प झाले. खताचे किलो मोजले तर माळाला जास्त गेलं होतं, १५ च्या जागी १७. म्हणून त्यांना वाटत होतं माळाचं पोट भरलंय. माळावरची मिरची पिवळट दिसते ती जमिनीमुळं, असं ते धरून चालले होते. जमिनीचाही हात असेल, मी नाही म्हणत नाही. पण ठरवलेलं नत्र तरी आधी पोचलं पाहिजे ना? दोन्ही प्लॉट सारखे करायचे तर माळाला २.८ किलो नत्र, म्हणजे साधारण ६ किलो युरिया कमी पडला होता. एकदम सोडायचा नाही, ठिबकच्या हप्त्यांत वाटून.

आणि आता ज्याचा मला खरा राग आला ते. बैठकीत एकानं सल्ला दिला होता, "`IFERROR` लावा अण्णा, ते `#N/A` जातं." जातं हो! पण त्याच्या जागी शून्य लावलं तर बेरजेत फक्त युरिया उरतो. विहिरीचं ३.९६ च्या जागी २.३० दिसलं असतं, माळाचं ३.८० च्या जागी १.३८. शीट स्वच्छ दिसलं असतं आणि अण्णांनी त्या खोट्या आकड्यावर आणखी युरिया ओतला असता. `#N/A` ही चूक नव्हती, ती हाक होती. अण्णांनी ती ऐकली आणि आपल्याला येऊन सांगितली. आपण शब्दाला हसत बसलो.

कुणी म्हणेल, मग बरोबर शब्दाला किंमतच नाही का? आहे. औषधाच्या दुकानात काउंटरवर चुकीचं नाव चालणार नाही. तिथं घटकाचं नाव आणि टक्केवारी लेबलवर वाचूनच घ्यायची, कारण तिथं नावावरून थेट बाटली हातात येते. शीटमध्येही शब्द उपयोगी पडतो. "मॅक्रो बिघडला" म्हणून कुठंही शोधलं तर मॅक्रो चालू कसा करायचा तेच सापडणार. म्हणून निघताना अण्णांना सांगितलं, "याला फॉर्म्युला म्हणतात. आणि नाव आठवलं नाही तर पडद्यावर जे दिसतंय तेच जसंच्या तसं टाका, `VLOOKUP #N/A`." पण हे शेवटी सांगितलं, काम झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर मोबाइल परत खिशात गेला असता.

गटातल्या शिकलेल्या मित्रांनो, कृषी पदवीधरांनो, राग मानू नका. पण पुढच्या वेळी कुणी चुकीचा शब्द घेऊन आला तर आधी विचारा, भरता काय आणि काढायचं काय. कशाला चालतं आणि कशाला चालत नाही. मग घरावर बोट ठेवायला सांगा.

आणि ज्यांच्या शीटमध्ये विद्राव्य खतांची नोंद आहे त्यांनी आज रात्री एकदा उघडून बघा. तुमचं ट्रिपल एकोणीस डावीकडं आहे का उजवीकडं?