मोजणारा तोच, वसूल करणारा तोच

मंडळी, रक्कम आधीच सांगून टाकतो: ५५२ रुपये २४ पैसे. पोस्ट जरा लांब आहे. आमच्या मुलुंड पूर्वेच्या इमारतीत पेन्शनवर राहणाऱ्या एका काकूंच्या पोस्टपेड बिलात ही रक्कम जादा लागून आली. ऑटो-पे असल्यामुळे ती खात्यातून गेलीसुद्धा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

काकूंच्या प्लॅनमध्ये महिन्याला ७५ जीबी डेटा आहे. बिल म्हणतं, वापर ९८.४ जीबी. म्हणजे २३.४ जीबी जादा, २० रुपये जीबीने ४६८ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. त्यांच्या फोनमधला ‘मोबाइल डेटा वापर’ मात्र ६१.८ जीबी दाखवतो. इथे बहुतेकांची तक्रार पहिल्याच फटक्यात उडवली जाते, कारण फोन १ ते ३० तारीख मोजत असतो आणि बिल ११ ते १०. त्यामुळे आधी फोनच्या सेटिंगमध्ये वापरचक्राची तारीख ११ करून घेतली. अँड्रॉइडवर ती बदलली की मागचा हिशोबही नव्या तारखांनी दिसतो. आयफोनवर मात्र असं चालत नाही. तिथला आकडा तुम्ही शेवटचा रीसेट केल्यापासूनचा असतो, म्हणून बिलाच्या तारखेला दर महिन्याला हाताने रीसेट करावं लागतं. तारखा जुळवल्यावरचे हे ६१.८ आहेत.

फोनचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, हे मलाही मान्य आहे. फोन फक्त स्वतःतून गेलेला डेटा मोजतो. सिम दुसऱ्या फोनमध्ये किंवा डोंगलमध्ये घातलं, किंवा फॅमिली प्लॅनमध्ये नातवाचं सिम त्याच ७५ जीबीवर चालत असलं, तर तो वापर इथे दिसणार नाही. काकूंकडे यातलं काहीच नाही. शिवाय नेटवर्कवर काही पॅकेट पुन्हा पाठवावी लागतात, ती कंपनीच्या बाजूला मोजली जातात. त्यामुळे चार-पाच टक्क्यांचा फरक मी सोडून देईन.

पण बिलाची दिवसवार यादी काढून बघितली तेव्हा गंमत कळली. १८ आणि १९ तारखेला मिळून ३६.१ जीबी वापर लावलाय. फोनच्या आलेखात त्या दोन दिवसांत जेमतेम दोन जीबी आहेत. हे दोन दिवस बाजूला ठेवले तर बिल म्हणतं ६२.३ आणि फोन म्हणतो साधारण साठ. म्हणजे बाकीचा महिनाभर दोन्ही मोजमापं चार टक्क्यांच्या आत जुळतात. नेमक्या दोन दिवसांतच चौतीस जीबीचं भगदाड पडतं. काकूंचा फोन खोटा असता तर तो रोजच खोटा बोलला असता ना?

यावर कॉल सेंटरचं उत्तर एकच: “सर, सिस्टीममध्ये वापर दिसतोय.” अहो, सिस्टीम तुमची. आमचा वाद तिच्याशीच आहे आणि निवाड्यालाही तुम्ही तिलाच बसवताय!

रिक्षात बसलो तर मीटरला सील असतं, त्याची तपासणी होते. भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप मागून खात्री करता येते. डेटाच्या मीटरचं काय? मोजणी आणि बिलिंगच्या अचूकतेचं ऑडिट करून घ्यायचा ट्रायचा नियम २००६ पासून आहे, २०२३ मध्ये तो नव्याने आला. पण ते ऑडिट कंपनीच्या व्यवस्थेचं, नमुने घेऊन होतं. तुमच्या १८ तारखेच्या रात्री काय झालं ते त्यात कोणी बघत नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवतही नाही. म्हणजे फिरून कंपनीच्याच दारात.

म्हणून आम्ही फोन बंद केला आणि लेखी पत्र दिलं. त्यातला मुख्य भाग जसाच्या तसा:

“बिलातील जादा डेटा आकार रु. ५५२.२४ मला मान्य नाही. दि. १८ व १९ च्या वापराची सत्रनिहाय नोंद द्यावी: प्रत्येक सत्राची सुरुवात व शेवट, डेटाचे प्रमाण आणि वापरलेल्या उपकरणाचा आयएमईआय क्रमांक. माझ्या फोनचा आयएमईआय व वापराच्या पडद्याची चित्रे सोबत जोडली आहेत. वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचल्याचे संदेश मला कधी पाठवले, त्याची तारीख-वेळ कळवावी. निकाल लागेपर्यंत ही रक्कम वादग्रस्त समजावी.”

आयएमईआय मागण्यात मेख आहे. *#06# डायल केलं की फोन तो स्वतःच दाखवतो. कंपनीच्या नोंदीत दुसराच क्रमांक निघाला तर ते चौतीस जीबी काकूंच्या फोनने वापरलेलेच नाहीत. तोच क्रमांक निघाला तर कुठल्या वेळी किती गेला ते दाखवा, आम्ही फोनशी ताडून बघू. “अशी नोंद नसते” हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका. डिसेंबर २०२१ पासून कॉल आणि इंटरनेट वापराच्या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवणं कंपन्यांना परवान्यानेच बंधनकारक आहे. सरकारने मागितल्या की निघतात, बिल भरणाऱ्याने मागितल्या की गायब!

आणि ते ५०-९०-१०० टक्क्यांचे संदेश. ट्रायच्या नियमाप्रमाणे ते पाठवावेच लागतात. काकूंच्या फोनवर ५० चा आला. पुढचे दोन आलेच नाहीत. बँकेचे, लॉटरीचे, कर्जाचे सगळे मेसेज येतात, हे दोन तेवढे हरवले.

आठ दिवसांनी फोन आला, “सदिच्छा म्हणून २०० रुपये परत देतो.” काकू हो म्हणणारच होत्या, मी थांबवलं. ते दोनशे घेतले की तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद होते आणि नोंदी कधीच बाहेर येत नाहीत. वापर खरा असेल तर दोनशे तरी का परत करताय? खोटा असेल तर बाकीचे ३५२ रुपये कशाचे? कशाची ही सदिच्छा?

आता कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील केलंय. त्याला पैसे लागत नाहीत, डॉकेट नंबर मात्र हवा, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. तिथेही “सिस्टीममध्ये दिसतोय” आलं तर वांद्रे पूर्वेचा उपनगर जिल्हा ग्राहक आयोग आहे. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असं कोणी सांगितलं तर ती जुनी गोष्ट आहे. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन कंपन्या अनेक वर्षं तसं म्हणायच्या. मग अहमदाबादच्या एका ग्राहकाला, ज्याचं बिल सरासरी ५५५ रुपये यायचं, नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या महिन्याचं २४,६०९ रुपयांचं बिल आलं. त्याचंही ऑटो-पेच होतं. तो ग्राहक मंचात गेला. व्होडाफोन आयडियाने “मंचाला अधिकारच नाही” हा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला तिथे हरली. ग्राहक आयोगाला अधिकार आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. नुसतं दार उघडं आहे हे ठरायला आठेक वर्षं गेली, बिलाचा हिशोब त्यानंतरचा.

काकूंनी बँकेत जाऊन ऑटो-पे बंद केलंय. पडद्याची चित्रं छापून फाइलला लावलीत, कारण फोन जुना हिशोब फार काळ ठेवत नाही. अपिलाचे ३९ दिवस पुढच्या महिन्याच्या २६ तारखेला संपतात. २७ ला आम्ही वांद्र्याला.