बजेट नाही, पण तुमचा नंबर किती जणांनी सेव्ह केलाय?

व्हॉट्सॲपने १ जुलै २०२५ पासून कंपन्यांसाठीच्या आपल्या पैसेवाल्या सेवेचे दर बदलले. आधी २४ तासांच्या एका संभाषणामागे पैसे लागायचे, आता पोचलेल्या प्रत्येक जाहिरात-मेसेजमागे लागतात. त्याच वर्षी, एका महिन्यात किती ब्रॉडकास्ट पाठवता येतील यावर मर्यादा घालून बघण्याचे प्रयोगही कंपनीने सुरू केले. मोठ्या ब्रँडसाठी हा खर्चाच्या रकान्यातला एक बदल आहे. पण दोन माणसांच्या धंद्याचं अख्खं मार्केटिंगच व्हॉट्सॲपवर चालत असेल, तर काय?

मी मूळचा नांदेडचा, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गावाकडून 'आमच्या दुकानाचं ऑनलाइन काहीतरी कर ना' असे फोन येत असतात. बहुतेकांना वाटतं, मार्केटिंग म्हणजे इन्स्टाग्रामवर पैसे टाकून जाहिरात. कंपनीचं पुस्तकी मॉडेल लहान करून वापरलं की झालं, असा समज आहे. ते का चालत नाही, हे तुरीच्या डाळीवरून बघू.

लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात बोरसुरी नावाचं गाव आहे. तिथल्या तूरडाळीला २०२४ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे भौगोलिक ओळखीची कायदेशीर नोंद, मिळाली. आता समजा, लातूरमधली दोन भावंडं ही डाळ पॅक करून विकतात. मार्केटिंगला त्यांच्याकडे ४,००० रुपये आहेत. पुढचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

पुस्तक सांगतं: आधी बाजाराचा अभ्यास करा, ग्राहकांचे गट पाडा, त्यातला एक निवडा, मग वस्तू, किंमत, जागा आणि प्रसिद्धी ठरवा. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले हेच ते चार 'पी', कॉलेजात आपण पाठ करतो ते. त्याप्रमाणे भावंडांनी ४,००० रुपये जाहिरातीत टाकले. एका क्लिकला ८ रुपये धरले तर ५०० जण लिंक उघडतील. शंभरात एकाने ऑर्डर दिली, तर ५ ऑर्डर. म्हणजे एका ऑर्डरला ८०० रुपये खर्च. ५ किलो डाळीवर सुटणार २०० रुपये. प्रत्येक ऑर्डरमागे ६०० रुपयांचा खड्डा!

मोठी कंपनी हा खड्डा मुद्दाम पडू देते. तोच ग्राहक पुढची चार-पाच वर्षं माल घेईल असा तिचा हिशेब असतो, आणि तोपर्यंत थांबायला तिच्याकडे भांडवल असतं. भावंडांचा पैसा पहिल्याच आठवड्यात संपतो.

मग अनुभवी उद्योजक काय करतात? सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या संशोधिकेने २७ अनुभवी उद्योजकांना एका काल्पनिक वस्तूचा धंदा उभा करायला सांगितला आणि त्यांना मोठ्याने विचार करायला लावलं. २००१ मध्ये त्यांनी या विचारपद्धतीची मांडणी केली. असे लोक बाजारापासून नव्हे, हातात असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करतात: मी कोण, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो. आणि 'किती कमावू' याआधी ते विचारतात, 'किती बुडाले तर चालतील?'

हेच भावंडांना लावू. ४,००० रुपये बुडाले तरी चालतील असं त्यांनी आधीच ठरवलं. त्यात पाव-पाव किलोची १०० पाकिटं होतात, डाळ आणि पॅकिंग धरून एक ४० रुपयांना. ही पाकिटं ते ओळखीच्या वाटेनेच देतात. लातूरला नीट-जेईईच्या क्लाससाठी नांदेड, परभणी, हिंगोलीची पोरं येतात. त्यांना भेटायला आलेले आई-वडील मेसमध्ये जेवतात, तिथे काही पाकिटं ठेवली. पुण्यातल्या मावशी-आत्यांकडे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने काही पाठवली. शंभरापैकी २० घरांनी ५-५ किलो डाळ मागवली, की ४,००० रुपये वसूल. दहांनीच मागवली, तर २,००० बुडाले. पण ते आधीच मान्य होतं. शिवाय डाळ शिजायला किती वेळ लागतो, चव कशी वाटली, हे शंभर घरांतून थेट कळलं. कंपनी यासाठी वेगळा सर्व्हे करते. इथे विक्री आणि अभ्यास एकाच पाकिटात झाले.

कुठली वाट चालली हे कळायला पैसे लागत नाहीत. प्रत्येक वाटेच्या पाकिटावर वेगळा क्यूआर कोड लावा. त्यामागे अशी लिंक असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Dal%20Mess
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Dal%20Pune
```

स्कॅन केलं की ग्राहकाच्या फोनवर मेसेज लिहून तयार असतो. येणाऱ्या मेसेजमध्ये 'Mess' आहे की 'Pune', ते मोजायचं. बस.

आता खरी गोम. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पण मेसेज फक्त त्यांनाच जातो, ज्यांनी *तुमचा* नंबर सेव्ह केलाय. तुमच्याकडे त्यांचा असून उपयोग नाही. म्हणून 'माझ्याकडे दोन हजार नंबर आहेत' याला काही अर्थ नसतो. ब्रॉडकास्ट पाठवल्यावर तो मेसेज दाबून धरा, माहिती उघडा आणि किती जणांना पोचला ते बघा. २५६ पैकी ६० आले, तर तुमची खरी संपत्ती ६० आहे.

ती वाढवायची तर माणसाला नंबर सेव्ह करायला कारण द्यावं लागतं. 'आम्हाला सपोर्ट करा' हे कारण नाही. 'नवी तूर बाजारात आली की भाव आणि डाळीची तारीख पहिल्यांदा तुम्हाला कळवू' हे कारण आहे. मग महिन्याला एक-दोनच मेसेज, तेही कामाचे. रोज सकाळी 'शुभ प्रभात' पाठवलं की लोक ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात. मर्यादा लागू झाल्या तरी असं कमी पाठवणाऱ्याचं फारसं बिघडणार नाही.

या पद्धतीत दोन ठिकाणी हमखास घात होतो. पहिला, विकत घेतलेले नंबर आणि एका क्लिकमध्ये हजारो मेसेज पाठवणारी सॉफ्टवेअर. ती व्हॉट्सॲपच्या नियमांबाहेर आहेत. नंबर बॅन होऊ शकतो, आणि त्यासोबत दोन वर्षांत जोडलेली माणसंही जातात. दुसरा, नावाचा मोह. कुठल्याही तुरीवर 'बोरसुरी' छापता येत नाही. ते जीआय नाव लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. गावाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं नाव हीच इथली फुकटची जाहिरात आहे, आणि एक खोटं पाकीट ती सगळ्यांसाठी खराब करतं.

आणि मर्यादा? लातूरच्या माणसाला बोरसुरी सांगावी लागत नाही. नांदेडच्या सराफ्यातल्या अनोळखी गिऱ्हाइकाला सांगावी लागते. ओळखीची माणसं संपली की ही पद्धत मंदावते. कसं ओळखायचं? नव्या ऑर्डरी 'कुणी सांगितलं' हे विचारा. उत्तरात दोन-तीन महिने तीच ती नावं येत असतील, तर ओळखीचं वर्तुळ भरलं. तेव्हा कुठे जाहिरातीवर पैसे टाकायचा विचार करा. तोवर जुने ग्राहक किती वेळा परत येतात हे तुमच्याकडे लिहिलेलं असेल, आणि ८०० रुपयांची ऑर्डर परवडते की नाही, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.