न फुटणाऱ्या ताटात गरम आमटी

मराठी मध्यमवर्गीय घरात ताटवाट्यांची एक वर्णव्यवस्था असते. रोजच्या जेवणाला स्टील नाहीतर मेलामाइन. पाहुणे आले की सिरॅमिक. आणि बोन चायनाचा सेट लग्नात मिळाल्या दिवसापासून शोकेसमध्ये, काचेआड. तो बाहेर येतो तो फक्त धूळ पुसायला! यामागचं तर्कशास्त्र एका वाक्याचं आहे: 'मेलामाइन फुटत नाही, चिनी माती फुटते.' माझं म्हणणं असं की ही सगळी मांडणी उलटी आहे. रोजच्या गरम जेवणाला बोन चायना किंवा साधं चांगलं सिरॅमिक हवं, आणि मेलामाइनची जागा भेळ, फळं आणि ट्रेकच्या डब्याच्या आसपास आहे.

आता तुम्ही म्हणाल, झालं, आला हा पण 'प्लास्टिकने कॅन्सर होतो'वाल्या फॉरवर्डची री ओढायला. तर तसं अजिबात नाही. उलट त्या फॉरवर्डवाल्यांचाही हिशोब आधी चुकता करू.

मेलामाइनची प्लेट म्हणजे मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड या दोन रसायनांपासून बनलेलं रेझिन, त्यात कागदासारखा सेल्युलोजचा भुगा मिसळून गरम साच्यात दाबलेलं. एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही, म्हणून ते साध्या प्लास्टिकपेक्षा कणखर वाटतं. २००८ साली चीनमध्ये दुधात भेसळ झाली आणि जवळपास तीन लाख लहान मुलं आजारी पडली, ती याच मेलामाइनने. पण तिथे ती पावडर दुधात सरळ मिसळली होती. प्लेटमधून पाझरणं ही फार वेगळी आणि फार छोटी गोष्ट आहे.

किती छोटी? तैवानमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. बारा निरोगी माणसं. सहा जणांना मेलामाइनच्या वाडग्यात ५०० मिली गरम नूडल सूप दिलं, सहा जणांना सिरॅमिकच्या. सूप वाढताना ९० अंश सेल्सिअस. तीन आठवड्यांनी गटांची अदलाबदल. दर वेळी पुढच्या बारा तासांत लघवीतून किती मेलामाइन बाहेर पडलं ते मोजलं. मेलामाइनच्या वाडग्यातून प्यायलेल्यांमध्ये सरासरी ८.३५ मायक्रोग्रॅम, सिरॅमिकवाल्यांमध्ये १.३१. म्हणजे वाडग्याने सात मायक्रोग्रॅमची भर घातली.

आता सुरक्षित मर्यादा बघा. जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, म्हणजे बारा हजार मायक्रोग्रॅम. बारा हजारात सात! तेव्हा एका वाडग्याने कुणी मरत नाही, घाबरवणाऱ्यांनी गप्प बसावं.

मग माझी तक्रार काय? तक्रार अशी की हा आकडा एका प्रकारच्या वाडग्याचा, एकदाच प्यायलेल्या सुपाचा आहे. संशोधकांनीच सांगितलंय की किती पाझरतं ते कंपनीगणिक बदलतं. आणि आपण मेलामाइन वापरतो ते नेमकं त्याला न झेपणाऱ्या परिस्थितीत, तेही वर्षानुवर्षं.

त्याला न झेपणाऱ्या गोष्टी दोन: उष्णता आणि आंबटपणा. दोन्ही एकत्र आल्या की रेझिनचा पृष्ठभाग हळूहळू सुटायला लागतो. युरोपात या भांड्यांची चाचणी होते ती साधारण ७० अंशाला, दोन तास, पातळ व्हिनेगरसारख्या आम्लात. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०११ साली स्पष्ट सांगितलं की ७० अंशाच्या वर, म्हणजे शिजवायला किंवा मायक्रोवेव्हमध्ये, ही भांडी वापरू नका. अमेरिकेच्या एफडीएचाही सल्ला तोच, आणि त्यांनीही जो धोका सांगितला तो ७० अंशापुढच्या आंबट पदार्थांचाच.

आता आपलं स्वयंपाकघर बघा. टोमॅटोचं सार, चिंच-गुळाची आमटी, सांबार, कोकम घातलेला रस्सा. सगळं आंबट, आणि सगळं उकळत्या पातेल्यातून थेट वाटीत. आपल्याकडे 'गरम' याचा अर्थ वाफाळतं! वाटीत पडताना ते सहज ८०-९० अंशाला असतं. शिवाय मेलामाइनमधून उष्णता हळू जाते, म्हणून वाटी हाताला थंड लागते आणि आतली आमटी जास्त वेळ गरम राहते. ज्या गुणाचं आपण कौतुक करतो ('बघ, हात भाजत नाही!') तोच गुण आपल्याला आत किती उष्णता आहे ते कळू देत नाही.

यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. साध्या प्लास्टिकच्या डब्यातून जे काही सुटायचं ते सुरुवातीच्या वापरात जास्त सुटतं आणि मग कमी होत जातं. मेलामाइन गरम आंबटात तसं वागत नाही. कारण तिथे आत अडकलेला उरलासुरला माल बाहेर पडत नसतो, रेझिन स्वतःच तुटत असतं. म्हणून 'दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही' हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो. दहा वर्षांची प्लेट नव्या प्लेटपेक्षा वाईट.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक प्रोग्रॅमच्या बाबतीत एक भेद नेहमी करतो. एक असतो बिघडल्यावर बोंब मारणारा आणि दुसरा असतो गुपचूप चुकीची उत्तरं देत राहणारा. कुठलाही शहाणा इंजिनिअर पहिला पत्करेल. सिरॅमिकची प्लेट फुटते तेव्हा शेजाऱ्यांना कळतं. मेलामाइन मात्र 'फुटत नाही', ते फक्त चकाकी गमावतं, हळदीने पिवळं पडतं, सुरीच्या चऱ्यांनी खरखरीत होतं. ती खरखर म्हणजे वरचं रेझिन जाऊन आतला भुगा उघडा पडणं. हीच त्याची फूट. आवाज नाही म्हणून आपण मोजत नाही.

त्यात भर बाजारातल्या मालाची. स्वस्त रस्त्यावरच्या प्लेटी कित्येकदा मेलामाइनच्या नसतातच. आतमध्ये स्वस्त युरिया-फॉर्मल्डिहाइड आणि वर मेलामाइनचा पातळ थर. दिसायला अगदी सारख्या, पण तो थर झिजला की गरम पदार्थात फॉर्मल्डिहाइड बरंच जास्त सुटतं. घरी करता येण्यासारखी ढोबळ परीक्षा म्हणजे उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं आणि पाच मिनिटांनी झाकण उघडून वास घ्यायचा. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला तर ती प्लेट कुंड्यांखाली ठेवायला छान आहे. वास नाही आला म्हणजे माल उत्तम असं मात्र सिद्ध होत नाही. आणि 'इको-फ्रेंडली बांबू'च्या रंगीत वाट्या घेणाऱ्यांनी जरा दम धरा: त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे बांबूचा भुगा घातलेलं मेलामाइनच, आणि गरम पदार्थाला साध्या मेलामाइनपेक्षाही कच्चं. युरोपीय महासंघाने २०२१ मध्ये अशा मालाविरुद्ध खास मोहीमच काढली.

बरं, आता दुसरी बाजू. सिरॅमिक काय धुतल्या तांदळासारखं आहे? नाही. पण त्याचे दोष डोळ्यांना दिसतात आणि तपासता येतात.

'सिरॅमिक' या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक कमी तापमानाला भाजलेली, आतून सच्छिद्र माती, जिचा सगळा भरवसा वरच्या चकाकत्या ग्लेझवर. दुसरी जास्त तापमानाला भाजलेली, आतपर्यंत काचेसारखी घट्ट झालेली: स्टोनवेअर, पोर्सेलिन आणि बोन चायना. पहिलीचा टवका उडाला की उघडी माती पाणी पिते, त्यात मसाला आणि घाण मुरते, आणि मायक्रोवेव्हमध्ये ते मुरलेलं पाणीच तापतं. ओळखायचं कसं? टवका उडालेल्या जागी पाण्याचा थेंब ठेवा. शोषला गेला तर माती सच्छिद्र. किंवा मायक्रोवेव्हमधून काढल्यावर भातापेक्षा प्लेटच जास्त भाजत असेल तरी तेच. ती प्लेट रोजच्या जेवणातून काढा. थेंब तसाच उभा राहिला तर तो टवका फक्त धारदार असतो. ओठ-बोटं सांभाळली की झालं, आणि धार कडेला असेल तर निवृत्ती द्या.

दुसरा दोष शिशाचा. जुन्या किंवा स्वस्त, भडक लाल-पिवळ्या नक्षीच्या भांड्यांत ग्लेझवर काढलेल्या रंगात शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतो. म्हणून नियम सोपा: जिथे जेवण टेकतं तो भाग पांढरा आणि साधा असावा. बोटाला नक्षीचा उंचवटा लागत असेल तर ती ग्लेझच्या वर आहे असं समजा.

आणि बोन चायना? इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी जमलेली ही कृती: साधारण निम्मी हाडांची राख, बाकी पांढरी माती आणि चायना स्टोन. (शाकाहारी मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावं, नाव अलंकारिक नाही. हाडं नको असतील तर साधं पोर्सेलिन घ्या.) उजेडासमोर धरली की मागची बोटं सावलीसारखी दिसतात, यावरून आपण ती नाजूक ठरवून टाकली. प्रत्यक्षात तिची माती नेहमीच्या सिरॅमिकपेक्षा मजबूत असते, म्हणूनच तर ती इतकी पातळ करता येते! तिच्या कडेचे टवके जेवताना क्वचित उडतात. ते उडतात सिंकमध्ये, नळाच्या तोटीवर आपटून, आणि एकावर एक दहा प्लेटी रचताना. खालची खरखरीत कडा वरून घासते म्हणून मध्ये कागद घाला, सहाच्या वर रचू नका. चमच्याच्या करड्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. ते बहुधा स्टीलचं घासून बसलेलं धातू असतं, खायच्या सोड्याने निघतं.

बोन चायनाला दोनच गोष्टी वर्ज्य: सोनेरी किनार असेल तर मायक्रोवेव्ह (ठिणग्या उडतील), आणि फ्रीजमधून काढून थेट उकळतं ओतणं.

राहिला प्रश्न लहान मुलांचा. 'मुलं फोडतात, म्हणून मेलामाइन' हा मुद्दा खरा आहे. मग मुलांना स्टील द्या ना! स्टील फुटत नाही, आंबटाला पुरून उरतं, फक्त हात भाजतो, आणि हात भाजला की पोरगं थोडं थांबतं. मेलामाइनमध्ये वरण-भात द्यायचाच असेल तर पातेल्यातून आधी दुसऱ्या भांड्यात काढून निवू द्या, आणि मायक्रोवेव्हमध्ये ती प्लेट काहीही झालं तरी घालू नका. मेलामाइन लहरी शोषून स्वतःच तापतं, तडकतं, आणि जे ७० अंशाखाली ठेवायचं ते मिनिटात त्याच्या वर जातं.

वर्षाला बोन चायनाच्या दोन प्लेटी फुटतील. फुटू द्या. शोकेसमधल्या त्या सेटने इतकी वर्षं कुणाचं पोट भरलंय?