उतरून घेणाऱ्याने शहाणे होऊ नये

नर्सी ते औंढा या नामदेवरायांच्या आणि विसोबांच्या टापूत गावोगावच्या भजनी मंडळांजवळ अभंगांची जुनी बाडे आहेत. कुठे देव्हाऱ्यामागे, कुठे पत्र्याच्या पेटीत. आता तरुण मंडळी त्यांचे फोटो काढून मजकूर संगणकावर उतरवू लागली आहेत. पाच जण पाच गावांत बसून लिहितात आणि पाच तऱ्हांनी लिहितात. सर्वांसाठी एक पानभर नियम करा असे म्हटले की दोन उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "भाव शुद्ध आहे, नियम कशाला?" दुसरा म्हणतो, "जुने लेखन अशुद्ध आहे, आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे करून टाकू." या दोन्ही उत्तरांना माझा विरोध आहे. उतरून घेणाऱ्याचे काम दिसते ते लिहिण्याचे आहे, सुधारण्याचे नाही. आणि "दिसते ते" म्हणजे काय, हे आधी ठरवल्याशिवाय पाच जणांना एकसारखे दिसत नाही.

एकच शब्द घेऊ. जुन्या वळणातला 'ख' म्हणजे 'र'ला जोडलेला 'व'. बाडात 'विसोबा खेचर' असते आणि संप्रदायाशी परिचय नसलेला मुलगा 'विसोबा रवेचर' लिहितो. त्याला दोष देता येत नाही, कारण कागदावर तसेच दिसते. पण अभंगाला स्वतःचे माप आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. जोडाक्षर एकच मोजायचे. वि-सो-बा-खे-च-र ही सहा झाली. 'रवेचर' केले की सात होतात. म्हणून पहिला नियम असा: प्रत्येक चरणाची अक्षरे बोटांवर मोजा. मोजणी चुकली तर पुन्हा अक्षराकडे पाहा. तरीही जमले नाही तर चरण दुरुस्त करू नका, समासात 'अक्षरे ७' एवढेच लिहा. जुन्या गायकीत कमी-जास्त अक्षरे ओढून घेण्याची मुभा होती, तेव्हा सातवे अक्षर मूळचेच असू शकते.

या मापालाही मर्यादा आहे. 'ध' आणि 'घ' बाडात सारखे दिसतात. 'धन' आणि 'घन' दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही अर्थाचे. तिथे मोजणी काही सांगत नाही. 'भ' आणि 'म' यांचेही तसेच. अशा जागी जो शब्द जास्त वाटतो तो लिहावा, पुढे कंसात प्रश्नचिन्ह द्यावे आणि दुसरा शब्द समासात नोंदवावा. न वाचलेल्या प्रत्येक अक्षराला एक टिंब द्यावे. कागदच फाटला असेल तर [फाटले] असे लिहावे. आठवणीतला अभंग त्या भोकात भरू नये. आपल्याला पाठ असलेला पाठ छापील गाथेचा असतो आणि बाडातला कदाचित वेगळा असतो. तो वेगळेपणा मिळावा म्हणून तर बाड उघडले.

आता संक्षेप. कीर्तनकाराची वही घाईत लिहिलेली असते. 'ध्रु॥' सर्वांना कळते. पण समासातला 'ना.' कोणाचा? नामदेवांचा की नाथांचा? आमच्या भागातला माणूस डोळे झाकून 'नामदेव' लिहील, कारण ते आमचे. 'ज्ञा.' म्हणजे ज्ञानेश्वरी की ज्ञानदेवांचा अभंग? म्हणून नियम असा, की संक्षेप आहे तसा ठेवावा आणि खात्री असेल तरच त्याचा विस्तार चौकोनी कंसात द्यावा: ना. [नाथ]. खात्री समासावरून होत नाही, अभंगाच्या शेवटच्या कडव्यातल्या मुद्रेवरून होते. वहीत पहिलाच चरण असेल आणि मुद्रा नसेल, तर कंस रिकामा राहू द्यावा.

मुद्रेला तर हातच लावू नये. 'नामा म्हणे', 'नामदेव म्हणे' आणि 'विष्णुदास नामा' हे सगळे एकच समजून कोणी सर्वत्र 'नामदेव' केले, तर अक्षरे बिघडतात हे झालेच. 'नामा म्हणे' चार अक्षरांचे, 'नामदेव म्हणे' सहांचे. पण हानी त्याहून मोठी आहे. नाथांच्या काळी विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी होऊन गेला आणि त्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली. ती वेगळी करताना अभ्यासकांच्या हाती जी थोडी साधने आहेत, त्यांत मुद्रा हे एक. ते तुम्ही पुसले तर परत येणार नाही.

तिसरी गोष्ट लेखनाची. 'संतीं', 'देवें', 'डोळां' यांवरचे अनुस्वार आणि मात्रा काढून सोपे करण्याचा मोह मोठा आहे. पण 'देवें' म्हणजे देवाने, 'संतीं' म्हणजे संतांनी, 'डोळां' म्हणजे डोळ्यांत किंवा डोळ्यांना. 'डोळां'वरचे टिंब गेले की नुसता डोळा उरतो. हे टिंब विभक्तीचे काम करते. शुद्धलेखनाचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण वाचावा. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांनी १९६२ मध्ये न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्याच नियमावलीत पुढे सांगितले आहे की केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य मुळाप्रमाणे छापावे. मग संतांच्या अभंगाला आजचा नियम लावण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? बाडात सर्वत्र 'विठल' असेल तर तसेच लिहावे. प्रत्येक वेळी खूण नको, पहिल्या पानावर एकदा नोंद पुरे.

"मुलांना वाचता येणार नाही" ही अडचण खरी आहे. तिचा उपाय दुसरी प्रत हा आहे. मुळाबरहुकूम एक प्रत झाली की तिच्यावरून वाचण्यासाठी सोप्या दहा प्रती करता येतात. सोप्या प्रतीवरून मूळ मात्र कोणालाच काढता येत नाही.

काही विद्वान इथे नाथांना पुढे करतात. नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, मग आम्ही का नाही? शके १५०६ मध्ये नाथांनी ते काम केले, पण पाठांतरांनी ग्रंथ बिघडला म्हणून केले, ते केल्याचे आणि त्याचा शक ग्रंथाच्या शेवटी उघड सांगितले आणि पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. ते शोधकाचे काम होते. शोधकाला अनेक प्रती समोर लागतात. आपल्यासमोर एकच बाड असते, आणि आपण केलेला बदल कुठे नोंदलेलाही नसतो. नाथांचे नाव घ्यायचे तर आधी त्यांची शिस्त घ्यावी.

हे एक पान तयार कसे करावे? विद्वानांची बैठक बोलावू नये. बाडाचे एकच पान दोघांना वेगवेगळे लिहायला द्यावे आणि दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून पाहाव्यात. जिथे फरक पडला तिथेच नियम हवा, बाकी ठिकाणी नको. असे पाच-सहा पानांचे केले की नियम आपोआप जमतात आणि एका पानात मावतात. त्या पानावर तारीख घालावी. पुढे नियम बदलला तर नवी तारीख घालून सर्वांना द्यावा, म्हणजे कोणते बाड कोणत्या नियमाने उतरले हे कळेल. संशयाच्या जागांची एक वही ठेवावी: बाड, पान, ओळ, दोन्ही वाचने. निर्णय एकाच जाणत्या माणसाने द्यावा, आणि तोही फोटो पाहून, ऐकीव सांगण्यावरून नव्हे.

बाड लिहिणाऱ्याने शेवटी 'जसे पाहिले तसे लिहिले, दोष मला देऊ नये' अशा अर्थाचा श्लोक घालण्याची जुनी रीत आहे. आज टंकलेखन करणाऱ्याने तो श्लोक आपल्या प्रतीखाली घालून पाहावा. ज्याला तो खरेपणाने घालता येईल, त्याचीच प्रत मंडळाने ठेवून घ्यावी. रामकृष्ण हरि.